सीसी आहे, पण कितव्या मजल्यापर्यंत?

पुण्यात फ्लॅट बघायला गेलात की सेल्स ऑफिसात पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य कानावर पडतंच: "सर, सीसी आलेली आहे, रेरा नंबर आहे, टेन्शनच नाही." बहुतेक जण मान डोलावतात आणि सॅम्पल फ्लॅट बघायला वर जातात. खरं तर तिथेच खुर्चीत बसून विचारायला हवं, की सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे आणि कुठल्या तारखेच्या नकाशावर दिलेली आहे. समोरच्याने लगेच फाइल उघडून दाखवली तर उत्तम. "ते लीगलवाले सांगतील" असं उत्तर आलं, तर पुढचं सगळं तुम्हालाच तपासायचं आहे असं धरून चाला.

सीसी म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट. महापालिकेच्या मराठीत बांधकाम चालू करण्याचा दाखला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली ही परवानगी मिळते आणि तिच्याशिवाय पायाचा खड्डाही खणता येत नाही. हा दाखला दोन-चार पानांचाच असतो, कारण त्यात इमारतीचं वर्णन फारसं नसतंच. "सोबतच्या मंजूर नकाशाप्रमाणे आणि खालील अटींवर बांधकाम करावे" एवढाच त्याचा गाभा. म्हणजे नेमकं काय बांधायचं, हे ठरतं मंजूर नकाशावरून. सीसी हातात आहे आणि नकाशा पाहिलेला नाही, तर अर्धाच कागद पाहिला असं समजा.

मुंबईचे नातेवाईक इथे थोडा गोंधळ घालतात. मुंबईत आधी आयओडी, म्हणजे नकाशाला अटींसह मिळणारी पहिली मंजुरी, मिळते, मग सीसी टप्प्याटप्प्याने वाढत जाते: आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांना. पुण्यात साधारणपणे नकाशाची मंजुरी आणि सीसी एकत्रच येतात. त्यामुळे इथे "सीसी जोत्यापर्यंतच आहे का?" हा प्रश्न लागू पडत नाही. इथे नकाशा पुनःपुन्हा सुधारून मंजूर होतो, दर सुधारणेला नवा क्रमांक आणि नवी तारीख मिळते. गफलत होते ती या जुन्या-नव्या कागदांत.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी मांडणीसाठी निवडलेत, पण अशा इमारती शहराच्या कडेला पुष्कळ दिसतात. धायरीत एक प्रकल्प आहे. माहितीपत्रकात पार्किंग आणि वर १२ मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट. एक कुटुंब दहाव्या मजल्यावरचा टू बीएचके घ्यायचं म्हणतंय. वारं चांगलं, सिंहगड दिसतो, भावही बसतोय.

आधी महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, maharera.maharashtra.gov.in वर, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकायचा. तिथे दोन गोष्टी बघायच्या. प्रकल्पाच्या माहितीत बांधकाम क्षेत्र दोन भागांत दाखवलेलं असतं: एक मंजूर झालेलं, दुसरं प्रस्तावित पण अजून मंजूर नसलेलं. आपल्या उदाहरणात पहिला आकडा २,९४० चौरस मीटर आहे आणि दुसरा २,१०० चौरस मीटर. एका मजल्याचं क्षेत्र नकाशाच्या तक्त्यात ४२० चौरस मीटर दिलंय. भागाकार केला की चित्र स्वच्छ होतं. २,९४० भागिले ४२० म्हणजे सात मजले मंजूर. उरलेले २,१०० म्हणजे पाच मजले, जे आज फक्त बिल्डरच्या मनात आणि माहितीपत्रकात आहेत. दहावा मजला या पाचांतला.

इथे "पण रेराने नोंदणी दिली ना?" असं वाटणं साहजिक आहे. नोंदणी प्रकल्पाची असते, बिल्डरने जे मंजूर आणि जे प्रस्तावित म्हणून जाहीर केलं त्याच्यासकट. नोंदणीपत्र आहे म्हणून वरच्या मजल्यांना मंजुरी मिळाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग त्याच पानावर चढवलेल्या कागदांत सीसी आणि मंजूर नकाशा उघडायचा. सीसी दोन-तीन असतील तर सगळ्यात ताजी तारीख बघायची, जुनी सीसी सुधारित मंजुरीने मागे पडलेली असते. सीसीवरचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर तुमच्या करारातल्या वर्णनाशी जुळतो का? इमारत तुमचीच आहे का? एकाच लेआउटमध्ये ए, बी, सी अशा तीन इमारती असतात आणि सीसी फक्त ए आणि बीची असते, असंही होतं. सीसीचा क्रमांक आणि तारीख नकाशावरच्या मंजुरीच्या शिक्क्यात आहे तीच हवी. ती जुळत नसेल तर तो नकाशा त्या सीसीचा नाही.

दाखला कुणी दिला, हेही बघा. पुण्यात ही बाब वाटते तितकी सरळ नाही. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली. शेजारचं नऱ्हे २०२१ मध्ये, २३ गावांबरोबर आलं. पण त्या २३ गावांची बांधकाम परवानगी त्याच दिवशी महापालिकेकडे गेली नाही, ती पीएमआरडीएकडेच, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडेच राहिली. म्हणून धायरीतल्या २०२२ च्या प्रकल्पाला महापालिकेची सीसी आणि रस्त्यापलीकडच्या नऱ्ह्यातल्या प्रकल्पाला पीएमआरडीएची, हे दोन्ही बरोबर. वाकड-रावेतला पिंपरी-चिंचवड महापालिका. ग्रामपंचायतीचं "बांधकाम ना हरकत" दाखवून कुणी बहुमजली इमारत विकत असेल, तर तिथून उठावं हे बरं.

सीसी खरी आहे का, ही शंका घ्यायला लाजू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींची प्रकरणं गाजली, त्यांत बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेली होती. त्यानंतर महारेराने सीसीची खातरजमा थेट स्थानिक संस्थेकडून करून घ्यायला सुरुवात केली. जुन्या नोंदणीचा प्रकल्प असेल, तर महापालिकेच्या बांधकाम विकास विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात सर्व्हे नंबर, सीसीचा क्रमांक आणि तारीख द्यायची. सीसीची आणि मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत मागायची, त्यानंतर सुधारित मंजुरी दिली आहे का हे विचारायचं, आणि जोते तपासणीच्या नोंदीची प्रतही मागायची.

सीसीला आयुष्यही असतं. परवानगी एक वर्ष चालते, पुढे दरवर्षी वाढवून घ्यावी लागते आणि ही वाढ एकूण तीन वर्षांपलीकडे जात नाही. तोवर काम जोत्यापर्यंत आलं नाही, तर परवानगी नव्याने घ्यावी लागते. जागेवर पाच वर्षांची जुनी सीसी आणि नुसता खड्डा दिसत असेल, तर तो कागद मेलेला आहे.

आता धायरीच्या जागेवर जाऊ.

सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे स्लॅब मोजणं, आणि ती कुणीच करत नाही. रस्त्यावर उभं राहा, पार्किंगच्या वरचा पहिला स्लॅब धरा आणि वर मोजत जा. मंजुरी सात मजल्यांची आहे आणि आठव्या मजल्याचे कॉलम उभे राहिलेत, तर ते काम त्या दिवशी विनापरवाना आहे. "फाइल आत आहे, आठवड्यात सही होईल" हे उत्तर ठरलेलं असतं, आणि कधीकधी खरंही असतं. पण सही होईपर्यंत ते बांधकाम अनधिकृतच. याचा थेट संबंध तुमच्या पैशाशी येतो. हप्ते स्लॅबनुसार असतात. "दहावा स्लॅब पूर्ण" असं मागणीपत्र आलं, की पैसे पाठवण्याआधी महारेराच्या पानावर दहाव्या मजल्याची सुधारित सीसी चढली आहे का, हे पाहायचं. चढली नसेल, तर बिल्डरला ईमेलवर तीच मागायची. बँकेने हप्ता सोडायची तयारी दाखवली म्हणून हे टाळू नका. बँकेचा माणूस बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते पाहतो, तुमचा मजला नाही.

दुसरी गोष्ट बाजूच्या मोकळ्या जागेची, म्हणजे साइड मार्जिनची. मला सगळ्यात उपयोगी वाटते ती हीच, कारण तिच्यावरून पुढचे मजले मंजूर होण्यासारखे आहेत की नाहीत, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, १५ मीटरच्या वरच्या निवासी इमारतीला बाजूला आणि मागे साधारणपणे उंचीच्या एक पंचमांश जागा सोडावी लागते. मजला २.९ मीटरचा धरला, तर सात मजल्यांना चार-साडेचार मीटर पुरतात. बारा मजल्यांना सात-साडेसात मीटर लागतात. ज्याला खरोखर बारा मजले घ्यायचे आहेत, तो बिल्डर पहिल्या दिवसापासून कुंपणापासून सात मीटर आत इमारत उभी करतो, मग आजची मंजुरी सातच मजल्यांची का असेना. जागेवर टेप लावला आणि इमारतीच्या सगळ्यात बाहेरच्या भागापासून कुंपणभिंतीपर्यंत ४.३ मीटर भरलं, तर वरचे पाच मजले कसे येणार? वरचे मजले आत ओढण्याची किंवा शुल्क भरून सवलत मिळवण्याची वाट असते, पण ती मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या आणि नियमाच्या मर्जीवर. शिवाय पुण्यात लोहगाव आणि एनडीए इथे धावपट्ट्या आहेत, त्यांच्या परिसरात उंचीची वेगळी मर्यादा येते. त्यासाठीचं ना हरकत पत्र कागदांत कितव्या उंचीपर्यंत दिलंय, तेही पाहून ठेवा.

मार्जिन मोजताना नकाशातला आकडाच प्रमाण. नकाशात बाजूला ४.५ मीटर लिहिलंय आणि जागेवर ४.३ भरतंय, तर आधी कुंपण खरोखर हद्दीवर आहे का ते बघा. कुंपण आत-बाहेर असलं की मोजमाप फसतं. म्हणूनच जोते तपासणीची नोंद मागायची. जोतं झालं की ते बिल्डरच्या वास्तुविशारदाने कळवायचं असतं आणि कार्यालयाने जागा तपासायची असते. इमारत जमिनीवर नेमकी कुठे बसली, हे त्या टप्प्याला ठरतं आणि नंतर ती हलवता येत नाही.

तिसरी तपासणी तुमच्या स्वतःच्या घराची. मंजूर नकाशात प्रत्येक खोलीची मापं मीटरमध्ये असतात, माहितीपत्रकात फुटांत. तुमच्या मजल्याचा नकाशा काढा. "टिपिकल फ्लोअर प्लॅन" म्हणून एकच आकृती असते आणि खाली कोणकोणत्या मजल्यांना ती लागू आहे ते लिहिलेलं असतं. ती ओळ वाचा. आपल्या उदाहरणात तिथे "पहिला ते सातवा" आहे, म्हणजे दहाव्या मजल्याचा नकाशाच अस्तित्वात नाही.

पाचव्या मजल्यावर घर घेणाऱ्याचं पुढे काय होतं ते बघा. माहितीपत्रकात हॉल ११ बाय साडेबावीस फूट. मंजूर नकाशात हॉल ३.३५ बाय ५.२० मीटर, म्हणजे ११ बाय १७ फूट. साडेपाच फूट कुठून आले? नकाशात हॉलला लागून १.५० मीटरची बाल्कनी दाखवलेली आहे आणि मध्ये १५ सेंटिमीटरची भिंत. ५.२०, ०.१५ आणि १.५० यांची बेरीज ६.८५ मीटर, म्हणजे जवळपास साडेबावीस फूट. भिंत काढून, बाल्कनी आत घेऊन तोच हॉल म्हणून विकलाय. काही ठिकाणी बाल्कनीच्या जागी डक्ट किंवा नुसता शोभेचा पुढे आलेला भाग असतो. नकाशात "डक्ट" लिहिलेल्या चौकोनावर प्रत्यक्षात स्लॅब पडलेला दिसला, की तुमच्या बेडरूमचा तो कोपरा कागदावर हवेत आहे असं समजा. उद्या कुणी नोटीस काढली तर तो भाग पाडायची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची.

टेपने मोजताना थोडा फरक येणारच. नकाशातलं माप बऱ्याचदा गिलाव्याआधीचं असतं आणि दोन्ही बाजूंच्या गिलाव्यात मिळून अडीच-तीन सेंटिमीटर जातात. ५.२० च्या जागी ५.१७ भरलं तर भांडू नका. ५.०५ भरलं तर मात्र विचारा. महारेराच्या नमुना करारात कार्पेट क्षेत्राच्या फरकाला तीन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यात बसतं का पाहा. क्षेत्र काढताना बाल्कनी आणि गच्ची कार्पेटमध्ये धरायची नाही, आतल्या भिंती धरायच्या.

पार्किंगचं थोडक्यात सांगतो. नकाशात प्रत्येक गाडीचा चौकोन आखलेला आणि मोजलेला असतो. चौकोन मोजा आणि विकलेल्या पार्किंगच्या संख्येशी ताडून पाहा. त्या चौकोनांवर जागेवर सेल्स ऑफिस, स्टोअर किंवा दुकान उभं दिसलं, तर भोगवटा पत्राच्या, म्हणजे राहायला परवानगी देणाऱ्या दाखल्याच्या वेळी तेच आडवं येतं.

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र कळत नाही. मंजूर नकाशात सळई किती, सिमेंट कुठलं, कॉलम किती पक्का, यातलं काहीच नसतं. ते आरसीसीच्या वेगळ्या नकाशांत असतं. नकाशाप्रमाणे काम झालं म्हणजे मजबूत झालं, असं धरू नका.

आता समजा, सुधारित नकाशा खरोखर मंजूर होतोय आणि बारा मजले येतायत. तुम्ही सातव्या मजल्यापर्यंतच्या ग्राहकांपैकी एक आहात. रेरा कायद्याचं कलम १४ इथे तुमच्या बाजूने आहे. तुमच्या फ्लॅटमधला बदल तुमच्या आधीच्या संमतीशिवाय करता येत नाही, फक्त किरकोळ किंवा बांधकामासाठी आवश्यक बदलांना सूट आहे. इमारतीत, लेआउटमध्ये किंवा सामाईक जागेत बदल करायचा तर बिल्डर सोडून किमान दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते, आणि एकाने चार फ्लॅट घेतले तरी त्याचं मत एकच. म्हणून करार वाचताना "भविष्यातील सर्व बदलांना खरेदीदाराची संमती आहे" अशा ओळीवर बोट ठेवा. मोफा या रेराआधीच्या फ्लॅट विक्रीच्या राज्य कायद्याखालच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असली सरसकट संमती मान्य केलेली नाही. काय बदलणार हे सांगून घेतलेली संमतीच खरी. तरीही ती ओळ करारातून काढून घेतलेली बरी, नंतर कोर्टात सिद्ध करत बसण्यापेक्षा.

दहाव्या मजल्याच्या कुटुंबाने काय करावं? माझं मत सरळ आहे. मजला मंजूर होईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नये, मग "आत्ताचा रेट पुन्हा मिळणार नाही" असं कितीही ऐकवलं तरी. पैसे आधीच गुंतले असतील, तर बिल्डरला लेखी विचारावं, की दहाव्या मजल्याच्या सीसीचा क्रमांक आणि तारीख कळवा आणि मंजूर नकाशाची प्रत द्या. कलम १९ प्रमाणे मंजूर नकाशाची माहिती मिळणं हा खरेदीदाराचा हक्कच आहे. उत्तर टाळलं किंवा चुकीचं दिलं, तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क ५,००० रुपये. ठरलेल्या तारखेला ताबा देता आला नाही, तर कलम १८ खाली व्याजासह परतावा मागता येतो. पत्रव्यवहार फोनवर नको, ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने. आणि दर तीन महिन्यांनी महारेराच्या पानावरची माहिती नव्याने भरली जाते, तेव्हा मंजूर मजल्यांचा रकाना उघडून त्या दिवशीच्या तारखेचा स्क्रीनशॉट ठेवावा. सात मजले मंजूर आणि नऊ स्लॅब पडलेले, असं दोन्ही एकाच महिन्याचं दाखवता आलं की तक्रारीत फार बोलावं लागत नाही.

भोगवटा पत्र मिळालं म्हणजे नकाशाचं काम संपलं असंही नाही. त्याच्यासोबत पूर्ण झालेल्या इमारतीचा नकाशा असतो. ताबा घेताना त्यात तुमचा मजला आणि तुमचा फ्लॅट नंबर आहे का, आणि हॉल ५.२० मीटरचाच दाखवलाय की ६.८५ चा, ते वाचून मगच चावी घ्या. काही वेळा भोगवटा पत्र फक्त काही मजल्यांचं, म्हणजे अंशतः असतं, आणि मजले वाढवलेल्या इमारतीत वरचे त्यात नसतात.